‘बघतो’ म्हणणाऱ्या घरमालकाला मेल कसा लिहावा?

प्रश्न : खामगावात आम्ही वडिलांच्या काळापासून एकाच घरात भाड्याने राहतो. मालक, ज्यांना आम्ही काकाच म्हणतो, आता पुण्याला मुलाकडे असतात. यंदा पावसाळा लागल्यापासून मागच्या खोलीचा स्लॅब गळतोय. फोन केला की काका म्हणतात, ‘बघतो.’ शेवटी १८ ऑगस्टच्या रात्री वैतागून मेल टाकला. त्यावरही उत्तर आलं, ‘बघतो.’ मेल सोबत जोडला आहे. त्यात काय चुकलं? मुदत किती दिवसांची द्यायची? आणि मुदत संपली तर आपणच दुरुस्ती करून भाड्यातून पैसे कापता येतात का? काकांशी वाकडं घ्यायचं नाही, एवढं लक्षात ठेवून सांगा.
– एक वाचक, खामगाव

उत्तर : तुमचा मेल असा आहे. विषयाच्या जागी ‘नमस्कार’. खाली मजकूर : ‘काका, किती वेळा सांगायचं? अख्खा पावसाळा आम्ही पातेली लावून काढतोय. पालखी आली तेव्हापासून तुम्ही नुसतं बघतो म्हणता. आता लवकरात लवकर काहीतरी करा, नाहीतर आम्हाला वेगळा विचार करावा लागेल.’

यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण काकांच्या खुर्चीत बसून वाचा. नेमकं काय करायचं, ते मेलमध्ये नाही. कधीपर्यंत, तेही नाही. ‘वेगळा विचार’ म्हणजे घर सोडणार, कोर्टात जाणार की भाडं थांबवणार, याचा अंदाज त्यांनीच बांधायचा. ‘काहीतरी करा’ या मागणीला ‘बघतो’ हे अगदी मापाचं उत्तर आहे. काकांनी तुमच्याच मापाने कापड फाडलं, त्यांना दोष कसा द्यायचा?

पालखीचंच घ्या. गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना खामगावात मुक्कामी असते आणि तिथून शेगावला जाते, हे तुम्हाला-मला सांगावं लागत नाही. खामगावकराच्या डोक्यात ती तारीखच असते. पण पुण्यात बसलेल्या माणसाला, आणि उद्या वेळ आलीच तर न्यायाधीशाला, ती तारीख नाही. तारीख फोनमध्ये सापडते. फोटो उघडून त्याचा तपशील पाहिला की दिवस आणि वेळ दिसते. कॉलची यादी पाहिली की काकांना कधी फोन केला तेही कळतं. तुम्ही मागाहून फोटो आणि कॉलची यादी पाठवलीत, त्यातून चार तारखा निघाल्या. चार पुरेत. रोज कुठे किती थेंब पडले याची डायरी स्वतःजवळ ठेवा, मेलमध्ये घालू नका.

मेल लिहिण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या, कारण मुदत आणि मागणी त्यांवरच ठरते.

पहिली गोष्ट कायद्याची. खामगावातली जुनी मंडळी अजूनही सांगतात की मालकाविरुद्ध कलेक्टर ऑफिसात अर्ज टाक. त्याला कारण आहे. आपल्या विदर्भात पूर्वी ‘सी. पी. अँड बेरार लेटिंग ऑफ हाउसेस अँड रेंट कंट्रोल ऑर्डर, १९४९’ चालायची आणि भाडे नियंत्रक हा महसूल खात्यातला अधिकारी असायचा. ३१ मार्च २००० पासून ती व्यवस्था संपली आणि सगळ्या राज्याला एकच महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला. आता घरमालक-भाडेकरूचा वाद आपल्याकडे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, यांच्या कोर्टात जातो. तुमच्या कामाचं आहे ते या अधिनियमाचं कलम १४. त्याचा सार असा : करारात उलट काही ठरलेलं नसेल तर घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं ही मालकाची जबाबदारी. भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस दिली आणि तरीही मालकाने वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. नोटीस ‘पोस्टाने किंवा अन्य कोणत्याही प्रकारे’ देता येते. म्हणजे नीट लिहिलेला मेल ही नोटीस होऊ शकते. तुमचा १८ तारखेचा मेल मात्र नोटीस नाही. ती नुसती कुरकूर झाली.

‘करारात उलट काही नसेल तर’ हे शब्द वाचून पुढे जाऊ नका. वडिलांच्या वेळचा कागद काढा आणि ‘किरकोळ व मोठी दुरुस्ती भाडेकरू करील’ असं कुठे आहे का ते पाहा. तुमच्याकडे कागदच नाही, नुसत्या भाड्याच्या पावत्या आहेत, असं तुम्ही लिहिलंय. मग भाडेकरू म्हणून तुमची बाजू उलट बरी आहे, कारण नोंदणीकृत लेखी करार नसला तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने ते खोटं ठरवेपर्यंत. हा लेख वाचणारे जे लोक अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’वर राहतात, त्यांनी मात्र भाडं कापण्याच्या वाटेला जाऊ नये. कागदावर ते भाडेकरू नाहीत, परवानाधारक आहेत. त्यांनी मेलमध्ये कलम १४ ऐवजी आपल्या करारातला दुरुस्तीचा परिच्छेद क्रमांकासह लिहावा. खेड्यातल्या वाचकांसाठीही एक वाक्य : हा अधिनियम त्याच्या अनुसूचीतल्या भागांनाच लागू आहे. तुमचं गाव त्यात नसेल तर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम पाहावा लागतो. त्याच्या कलम १०८ मध्येही दुरुस्ती करून भाड्यातून वळती करण्याची सोय आहे, पण ती मालकावर बंधनकारक असलेल्या दुरुस्तीपुरतीच, आणि तिथे १५ दिवसांचा आकडा नाही.

दुसरी गोष्ट गळतीची. पाणी कुठून येतंय? पाऊस थांबून ऊन पडल्यावर दोन-तीन दिवसांत थेंब थांबत असतील तर पाणी गच्चीतून झिरपतंय असा अंदाज करता येतो. कोरड्या दिवसांतही डाग ओलाच राहत असेल तर गच्चीवरची टाकी किंवा भिंतीतला पाइप तपासायला हवा. भिंतीला पांढरा लोणा फुटला असेल तर ओल बरेच दिवस मुरलेली आहे. तुमच्याकडे थेंब दोन दिवसांत थांबतात. म्हणजे गच्ची. पण मेलमध्ये हा अंदाज म्हणूनच लिहा. ‘तुमच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग निकृष्ट आहे’ असं लिहिलंत तर वाद गळतीवरून वॉटरप्रूफिंगच्या जुन्या ठेकेदारावर जाईल, आणि तुम्ही काही मिस्त्री नाही.

आता मुदत. माझ्या अनुभवात मेल इथेच फसतात. लोक सगळ्या कामाला एकच मुदत लावतात, आणि ती एक तर फार तोकडी असते किंवा हवेत असते. तुमच्या घरात तीन वेगळी कामं आहेत. स्विचबोर्डापर्यंत ओल आलीय, हे काम दोन दिवसांचं, कारण इथे शॉक लागू शकतो. गच्चीवर ताडपत्री अंथरून कडा दाबणं आणि सुटलेला गिलावा झाडून काढणं हे काम भर पावसातही होतं, त्याला दोन-तीन आठवडे पुरेत. आणि गच्चीचं पक्कं वॉटरप्रूफिंग ओल्या स्लॅबवर टिकत नाही. ते ऑगस्टमध्ये मागणं म्हणजे काकांना ‘पावसात कसं करणार?’ हे बिनतोड उत्तर हातात देणं. त्याला पाऊस ओसरून स्लॅब सुकेपर्यंत थांबायला हवं.

तारखा अशा धरू. मेल २१ ऑगस्ट २०२५ ला जाईल. तो दिवस सोडून पंधरा दिवस मोजले की ५ सप्टेंबर येतो. पण २७ ऑगस्टला गणपती बसतात आणि ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आहे. त्या काळात मिस्त्री मिळणं कठीण, आणि ‘सणात नोटीस पाठवली’ हे काकांच्या मनाला लागेल ते वेगळंच. म्हणून १० सप्टेंबर. कायद्याचे पंधरा दिवस पूर्ण होतात आणि वर चार-पाच दिवस सैल राहतात. पक्क्या कामासाठी दिवाळी उलटू द्या, १५ नोव्हेंबर लिहा. मेलमध्ये ‘पंधरा दिवसांत’ असं कधीच लिहू नका. पंधरा दिवस कधीपासून, मेल पाठवल्यापासून की उघडल्यापासून, यावरच पुढे पंधरा दिवस जातात. तारीख लिहिली की मोजायला काही उरत नाही.

आता मेल. मी असा लिहिला असता :

विषय : खामगावचे घर, मागच्या खोलीचा स्लॅब गळतो, १० सप्टेंबरपर्यंत दुरुस्ती हवी

‘प्रिय काका, स. न. वि. वि.

खामगावच्या तुमच्या घरात आम्ही दरमहा ६,००० रुपये भाड्याने राहतो. ऑगस्टपर्यंतचे भाडे दिलेले आहे. मागच्या खोलीच्या छतातून पाणी गळते, त्याच्या दुरुस्तीसाठी हा मेल.

२२ जून २०२५ : खोलीच्या उजव्या कोपऱ्यात पहिल्यांदा थेंब पडू लागले (फोटो १).
९ जुलै : तुम्हाला फोन केला. मिस्त्री पाठवतो, असे तुम्ही म्हणालात. आजपर्यंत मिस्त्री आलेला नाही.
३ ऑगस्ट : छताच्या गिलाव्याचा ताटाएवढा पोपडा खाली पडला. आतली सळई दिसते, तिला गंज आहे (फोटो २, ३). कोणाला लागले नाही.
१७ ऑगस्ट : ओल दाराजवळच्या स्विचबोर्डापर्यंत आली (फोटो ४). त्या खोलीची वीज आम्ही बंद ठेवली आहे.

पाऊस थांबल्यावर दोन दिवसांत थेंब थांबतात, त्यावरून पाणी गच्चीतून येत असावे असे वाटते. नक्की कारण मिस्त्री पाहूनच सांगेल.

माझी विनंती अशी. २३ ऑगस्टपर्यंत इलेक्ट्रिशियन पाठवून बोर्ड तपासून घ्यावा. पाठवणे जमत नसेल तर फक्त ‘होय’ असे उत्तर द्या, मी इथला माणूस बोलावतो आणि पावती पाठवतो. १० सप्टेंबरपर्यंत गच्चीवर ताडपत्री टाकून सुटलेला गिलावा काढून घ्यावा. पाऊस संपल्यावर, १५ नोव्हेंबरपर्यंत, गच्चीचे वॉटरप्रूफिंग आणि छताचा गिलावा पूर्ण करून घ्यावा. मिस्त्रीसाठी आम्ही रोज सायंकाळी ५ नंतर आणि रविवारी दिवसभर घरी असतो.

हा मेल महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार दुरुस्तीची नोटीस समजावा. वरच्या तारखांपर्यंत १० सप्टेंबरचे आणि १५ नोव्हेंबरचे काम झाले नाही, तर ते मी करून घेईन आणि खर्च कायद्यातल्या मर्यादेत भाड्यातून वळता करीन. तशी वेळ येऊ नये, म्हणून आधीच कळवत आहे. मेल मिळाल्याचे कळवावे.

आपला,
(नाव, घराचा पत्ता, फोन)’

विषयाच्या ओळीबद्दल थोडं सांगतो. मोबाइलवर विषयाचे पहिले चार-पाच शब्दच दिसतात, म्हणून घर आधी, दोष मग, तारीख शेवटी. ‘अत्यंत तातडीचे’ आणि तीन उद्गारचिन्हं काकांना रोज बँकेच्या जाहिरातींतून मिळतात. पुढचा प्रत्येक मेल याच मेलला उत्तर म्हणून पाठवा, विषय बदलू नका. सगळा पत्रव्यवहार एका धाग्यात राहिला तर सहा महिन्यांनी तुम्हालाही शोधावा लागणार नाही.

मजकुरात तुम्हाला दोन गोष्टी खटकतील असं वाटतं. पहिली, पातेली कुठे गेली? ती मी काढली. पातेल्यांनी त्रास कळतो, पण दुरुस्ती काय करायची ते कळत नाही. पोपडा आणि गंजलेली सळई कळवतात की उशीर केला तर काकांचाच स्लॅब जाईल, आणि मालकाला ते पटकन समजतं. दुसरी, ९ जुलैच्या नोंदीत ‘तुम्ही खोटं बोललात’ असं नाही. ‘म्हणालात’ आणि ‘आलेला नाही’ एवढंच आहे. त्यापुढचा निष्कर्ष वाचणारा स्वतः काढतो, तो तुम्ही लिहायची गरज नाही.

कलमाचा उल्लेख केला तर काकांना वाईट वाटेल का? वाटेल, थोडं. पण तो शेवटच्या परिच्छेदात, एकदाच, आणि ‘तशी वेळ येऊ नये’ या शब्दांसोबत आला तर चालतो. तो नसेल तर सप्टेंबरमध्ये तुम्हाला पुन्हा पहिल्यापासून नोटीस द्यावी लागेल. सीसीमध्ये मात्र फक्त त्यांनाच घ्या ज्यांचं घरावर नाव आहे. काकांच्या मुलाला, सुनेला आणि खामगावातल्या भावकीला एकदम मेल पाठवलात तर गळतीचा प्रश्न बाजूला पडेल आणि काकांच्या अब्रूचा प्रश्न सुरू होईल.

मेल मिळाला याचा पुरावा हीही एक अडचण आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १३ प्रमाणे, ज्या पत्त्यावर मेल स्वीकारायचा हे समोरच्याने ठरवून दिलेलं असतं, तिथे मेल पोहोचला की तो मिळाला असं धरतात. ठरवून दिलेलं नसेल तर तो त्याच्या स्वतःच्या मेलपत्त्यावर पोहोचला की मिळाला असं धरतात. काकांनी कागदावर मेलचा पत्ता दिलेला नाही. पण १८ तारखेच्या मेलला त्याच पत्त्यावरून त्यांचं ‘बघतो’ आलंय. तो मेल जपून ठेवा, पत्ता चालू असल्याची ती खूण आहे. आणि तरीही याच मेलची छापील प्रत, सहीसह, त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पुण्याच्या पत्त्यावर पाठवा. पोस्टाची पावती आणि पोहोच झाल्याची नोंद फाइलला लावा. फोटो मेललाच जोडा, व्हॉट्सॲपवरून नुसते पाठवून मोकळे होऊ नका. व्हॉट्सॲप फोटो आकसतो आणि त्यातला तारखेचा तपशील निघून जातो. मूळ फोटो फोनमधून पुसू नका. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि त्या वेळी मूळ फाइल लागते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, पैसे कापण्याचा. कापता येतात, पण मर्यादा आहे. एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापता येत नाही. तुमचं भाडं दरमहा ६,०००, म्हणजे वर्षाचं ७२,०००, त्याचा चौथा हिस्सा १८,०००. समजा पक्क्या कामाला २६,००० रुपये लागले, तर या वर्षी १८,००० वळते होतील आणि उरलेले ८,००० पुढच्या वर्षी. म्हणून नोव्हेंबरमध्ये काम सुरू करण्याआधी दोन मिस्त्र्यांकडून लेखी अंदाज घ्या आणि स्वस्त-महाग दोन्ही त्याच धाग्यात काकांना पाठवा. कामाचा हिशेब लिहा, सिमेंटपासून मजुरीपर्यंत प्रत्येक पावती ठेवा. खर्चाबाबत भाडेकरूचा हिशेब आणि पावत्या हाच निर्णायक पुरावा असं हा अधिनियम म्हणतो. पण त्याच खर्चात खोलीला नवी फरशी बसवलीत तर ती दुरुस्ती नाही, तो तुमचा शौक. काकांचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवेल.

आणि मुदत संपेपर्यंत भाडं एकही दिवस थांबवू नका. १० तारखेच्या आत, नेहमीसारखं, खात्यावर. गळतीच्या रागाने भाडं अडवलेला भाडेकरू कागदावर नुसता थकबाकीदार दिसतो, मग त्याच्या चार तारखा कोणी वाचत नाही.

हा मेल गेल्यावर बहुधा काकांचा फोन येईल. मेलला उत्तर देणारे ते नव्हेत. फोनवर रागावतील, मग वडिलांची चौकशी करतील, मग म्हणतील, रविवारी माणूस पाठवतो. बोलणं होऊ द्या, आणि फोन ठेवल्यावर त्याच संध्याकाळी त्याच मेलला उत्तर म्हणून एवढंच लिहा :

‘काका, आज सायंकाळी फोनवर बोलणे झाले. रविवार, ३१ ऑगस्टला ताडपत्रीच्या कामासाठी मिस्त्री येणार आणि बोर्डासाठी मी इथला इलेक्ट्रिशियन बोलावून पावती पाठवायची, असे ठरले. माझ्या ऐकण्यात काही चूक असेल तर कळवा. वडील बरे आहेत, तुमची आठवण काढत होते.’